मुहूर्त उंबरठ्याचा, समारंभाचा नाही

प्रश्न : पुण्यात पिंपळे सौदागरला सातव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतलाय. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वास्तुशांत आहे. गुरुजींनी कागदावर लिहून दिलंय : 'गुरुवार, वैशाख शुद्ध द्वादशी, उत्तरा नक्षत्र, गृहप्रवेश सकाळी ६:५२ ते ८:३८.' दीर म्हणतात, अ‍ॅपवर तर सकाळी ६:०६ ते रात्री ८:०४ मुहूर्त आहे. मामांचं म्हणणं, दुपारी १२:०६ चा अभिजित धरा, तोवर पाहुणेही येतील. सासूबाईंनी तर ८:३८ चा धसकाच घेतलाय. वास्तुशांत चार-पाच तास चालते, ती पावणेदोन तासांत कशी बसवायची? लिफ्ट अडकली आणि उशीर झाला तर? माझी नणंद न्यू जर्सीत त्याच दिवशी नव्या घरात जातेय, तिला हीच वेळ चालेल का? ह्यांची रास कर्क, माझी वृश्चिक. पंचांगाच्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना सांगा की ८:३८ च्या आत वास्तुशांत संपवायची नाहीये. गुरुजींनी कागदावर 'गृहप्रवेश' असा शब्द लिहिलाय आणि ती वेळ त्या एकाच क्रियेची आहे. देव आणि भरलेला कलश घेऊन तुम्ही दोघांनी उंबरठा ओलांडून आत पाऊल टाकायचं, ते ६:५२ ते ८:३८ च्या दरम्यान. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, नवग्रह, वास्तुमंडल, होम, पूर्णाहुती हे सगळं त्यानंतर सावकाश चालू राहतं आणि दुपारपर्यंत गेलं तरी मुहूर्त चुकला असं होत नाही. लग्नाचंही तसंच असतं. मुहूर्त अक्षता पडण्याचा असतो, सप्तपदी आणि जेवणं पुढे तासन्‌तास चालतात.

मात्र सगळे गुरुजी वेळ एकाच क्रियेला लावत नाहीत. काहीजण ती पुण्याहवाचनाच्या संकल्पाला लावतात, म्हणजे तुम्ही पाटावर बसून हातात पाणी घ्याल तो क्षण. तसं असेल तर घरात आधीच येऊन बसावं लागेल आणि सकाळचं सगळं वेळापत्रक अर्धा-पाऊण तास अलीकडे येईल. तुमच्या कागदावर 'गृहप्रवेश' असं स्पष्ट लिहिलेलं असलं तरी आज फोन करून गुरुजींना सरळ विचारा : 'गुरुजी, ही वेळ दारातून आत येण्याची की संकल्पाची?' या एका प्रश्नाने बरीच धावपळ टळते. समारंभाच्या सकाळी जी ओढाताण होते, ती बहुतेक वेळा घरच्यांनी वेळ एका गोष्टीची धरली आणि गुरुजींनी दुसऱ्या, यामुळेच होते.

तिघांनी तीन वेळा सांगितल्या, त्यात खोटं कुणी बोलत नाहीये. तिघं 'मुहूर्त' हा शब्द तीन अर्थांनी वापरताहेत.

मुहूर्त हे मुळात कालगणनेतलं माप. दोन घटिका म्हणजे एक मुहूर्त. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणून मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि दिवसरात्र मिळून असे ३० मुहूर्त. पूर्वी लग्नघरात घटिकापात्र ठेवत. ती तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची, छिद्रातून हळूहळू पाणी आत येतं, वाटी जड होते आणि बुडते, की एक घटिका झाली. मंगलाष्टकांच्या वेळी 'घटिका भरली' म्हणतात ते यावरूनच. पुढे या मापाचं नाव त्या मापाने निवडलेल्या शुभ वेळेला मिळालं, आणि आता तर आपण अख्ख्या दिवसालाही मुहूर्त म्हणतो.

मामांचा अभिजित हा पहिल्या, जुन्या अर्थाचा मुहूर्त. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पंधरा सारखे भाग करायचे, त्यातला आठवा, बरोबर मधला, तो अभिजित. त्या आठवड्यात पुण्यात सूर्य ६:०६ ला उगवतो आणि ६:५७ ला मावळतो. दिवस झाला ७७१ मिनिटांचा, म्हणून एक भाग सुमारे ५१ मिनिटांचा. सात भाग गेल्यावर आठवा सुरू होतो, तो १२:०६ ला, आणि १२:५७ ला संपतो. डिसेंबरात दिवस लहान असताना हाच भाग ४४ मिनिटांवर येतो. म्हणजे मामांचं गणित बरोबर आहे. अभिजित रोज येतो, बुधवारी तो टाळण्याची पद्धत आहे, एरवी इतर दोष झाकणारी वेळ म्हणून त्याचा मान मोठा. मग गुरुजींनी तोच का दिला नाही, हे पुढे येतंच.

दिरांचं अ‍ॅप दिवसाची शुद्धी दाखवतंय. म्हणजे त्या दिवशी महिना, वार, तिथी, नक्षत्र गृहप्रवेशाला चालणारी आहेत, आणि ती सूर्योदयापासून रात्री ८:०४ ला उत्तरा नक्षत्र संपेपर्यंत तशीच राहतात. एवढंच. तुमच्या पानावर हे ताडून पाहता येतं. नव्या घरात पहिल्यांदा जायला उत्तरायणातले माघ, फाल्गुन, वैशाख आणि ज्येष्ठ हे चार महिने सांगितलेत, वैशाख त्यातला. नक्षत्रं आठ मुख्य धरतात. रोहिणी आणि तिन्ही उत्तरा ही ध्रुव म्हणजे स्थिर नक्षत्रं. मृग, चित्रा, अनुराधा, रेवती ही मृदू. तुमचं उत्तरा फाल्गुनी ध्रुवांतलं आहे. चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथी आणि अमावास्या टाळतात, द्वादशीला ती हरकत नाही. रविवार आणि मंगळवार सोडतात, तुमचा गुरुवार आहे.

त्या पानावरची एक ओळ मात्र जरा थांबून बघा : 'एकादशी समाप्ती पहाटे ५:३१.' शुद्ध एकादशीचा उत्तरार्ध म्हणजे विष्टी करण, ज्याला आपण भद्रा म्हणतो, आणि भद्रेत मंगलकार्य करत नाहीत. ती भद्रा ५:३१ ला एकादशीबरोबरच संपते. म्हणून 'बुधवारी संध्याकाळीच जाऊन देव ठेवून येऊ, सकाळची घाई नको' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, तेव्हा भद्रा चालू असेल. आणखी एक. दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहिलेली तिथी ही सूर्योदयाच्या क्षणाची असते. ती रात्री बारा ते रात्री बारा चालत नाही. तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते आणि कधीही बदलते. 'त्या तारखेला द्वादशी आहे' एवढ्यावर विसंबून संध्याकाळचा कार्यक्रम ठरवणारे इथेच फसतात.

आता गुरुजींची वेळ. त्यांनी दिवसाच्या आत शिरून लग्न शोधलंय. लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. चोवीस तासांत बाराही राशी उगवून जातात, म्हणून एकेक लग्न सरासरी दोन तासांचं. यातली वृषभ, सिंह, वृश्चिक आणि कुंभ ही चार स्थिर लग्नं. घरात जाऊन तिथे टिकून राहायचं असतं, म्हणून गृहप्रवेशाला स्थिर लग्न पहिलं पाहतात. मेष, कर्क, तूळ, मकर ही चर लग्नं प्रवासाला, निघण्याला धरतात. मिथुन, कन्या, धनू, मीन या द्विस्वभाव राशी मधल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात सूर्योदयाला मेष लग्न चालू असतं. पावणेसातच्या सुमारास वृषभ लागतं आणि पावणेनऊच्या आसपास संपतं. मग अकराच्या थोडं आधीपर्यंत मिथुन, तिथून एकच्या पुढे थोडा वेळ कर्क, आणि त्यानंतर सिंह. आता तुमची ६:५२ ते ८:३८ ही वेळ यावर ठेवून बघा. ते वृषभ लग्न आहे, दोन्ही कडांची काही मिनिटं सोडून. एक लग्न संपून दुसरं लागतं तो सांधा, त्याला लग्नसंधी म्हणतात, आणि तो मुद्दाम टाळतात. म्हणूनच तुमच्या वेळेत ५२ आणि ३८ असे विचित्र आकडे आलेत. मामांचा १२:०६ चा अभिजित मात्र कर्क लग्नात येतो, म्हणजे चर लग्नात. पाहुण्यांसाठी सोयीची वेळ खरी, पण स्थिर लग्न सकाळीच मिळत असताना गुरुजी ते सोडून चर लग्न पहिल्या पसंतीला देणार नाहीत. दुपारी सव्वाच्या पुढचं सिंह लग्नही स्थिर आहे, पण प्रवेश माध्यान्हाच्या आत व्हावा असं पाहतात, आणि जे राहुकाळ मानतात त्यांच्यासाठी त्या गुरुवारी तो २:०८ ला सुरू होतो. (भिंतीवरच्या तक्त्यात गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन छापलेला असतो, पण तो सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला धरून काढलेला. पुण्याच्या मेमधल्या दिवसाला तो तसाच्या तसा लागू पडत नाही.)

लग्नाबरोबर गुरुजी आणखी दोन गोष्टी बघतात, ज्या दिरांच्या अ‍ॅपवर दिसत नाहीत. एक, त्या लग्नापासून आठवं स्थान रिकामं आहे का. वृषभापासून आठवी धनू, म्हणजे तेव्हा धनू राशीत कुठला ग्रह नाही ना, हे पाहायचं. दुसरी, तुमचं चंद्रबळ. त्या सकाळी चंद्र कन्येत आहे. जन्मराशीपासून चौथा, आठवा किंवा बारावा चंद्र टाळतात. कन्येचा चंद्र मिथुनेला चौथा, कुंभेला आठवा आणि तुळेला बारावा येतो. तुमच्या ह्यांच्या कर्केला तो तिसरा आणि तुमच्या वृश्चिकेला अकरावा, दोन्ही चांगले. तुमची कुंभ रास असती तर अ‍ॅपने हीच तारीख हिरव्या रंगात दाखवली असती आणि गुरुजींनी दुसरी शोधली असती. म्हणून तारीख काढायला सांगताना दोघांची रास आणि जन्मनक्षत्र द्यावं. ते न विचारता फोनवर दोन मिनिटांत सांगितलेली वेळ ही फक्त दिवसशुद्धीची असते, एवढं समजून असा.

वेळ नीट काढलीय की नाही हे तुम्हाला स्वतःलाही तपासता येतं. लग्न रोज सुमारे चार मिनिटं अलीकडे सरकतं. आठवड्याने अर्धा तास, महिन्याने दोन तास. वृषभ लग्न मेच्या सुरुवातीला पावणेसातला लागतं, एप्रिलच्या सुरुवातीला ते नऊच्या आसपास लागेल आणि फेब्रुवारीच्या मध्यात थेट दुपारी बाराच्या सुमारास. काही कारणाने तुम्ही तारीख पुढच्या महिन्यावर नेली आणि कुणी 'वेळ तीच, ६:५२' असं म्हणालं, तर ती वेळ नव्याने काढलेली नाही. सरळ विचारा, 'लग्न कोणतं धरलंय?' उत्तरात राशीचं नाव यायला हवं.

आता सकाळ कशी बसवायची ते बघू. हातात पावणेदोन तास आहेत म्हणून ८:३० चं लक्ष्य ठेवू नका आणि ६:५२ च्या ठोक्यालाही आत शिरू नका. सव्वासात धरा. म्हणजे मागे वीस-पंचवीस मिनिटं आणि पुढे सव्वा तासाहून जास्त मोकळीक राहते.

त्यासाठी बुधवारी संध्याकाळी घर झाडून पुसून तयार असावं. तोरण, रांगोळीचं सामान, पाट, चौरंग, होमकुंड आत नेऊन ठेवलं तरी चालतं. सामानाने गृहप्रवेश होत नाही. बंद कपाट, फ्रिज, गाद्यांचे गठ्ठे आधी आणून ठेवण्यालाही बहुतेक गुरुजी हरकत घेत नाहीत, फक्त तिथे चूल पेटवू नये, जेवू नये, झोपू नये. गॅसचा रेग्युलेटर लावून शेगडीला गॅस येतोय का, एवढं मात्र आदल्या दिवशी कंपनीच्या माणसाकडून बघून घ्या. दूध उतू घालवायच्या वेळी सिलिंडरला वॉशर नाही हे कळणं फार वाईट. होमकुंडाखाली विटांचा एक थर आणि त्यावर दोन-तीन इंच वाळू घाला. नव्या व्हिट्रिफाइड टाइलवर कुंड थेट ठेवलं तर उष्णतेने ती तडकू शकते. हॉलमध्ये धुराचा सेन्सर असेल तर सोसायटीच्या ऑफिसला आधी कळवा, म्हणजे होमाच्या वेळी सायरन वाजणार नाही.

गुरुवारी गुरुजींना सव्वासहाला बोलवा. साडेसहापर्यंत तुम्ही घरचे चार-सहा जण सातव्या मजल्यावर दाराबाहेर हजर असा. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लिफ्टची भीती तुम्हाला वाटतेय ती रास्त आहे, पण लिफ्टने येण्याचं काम मुहूर्त लागायच्या आधी संपवलं तर ती भीती उरतच नाही. पाहुण्यांना दहाचं आमंत्रण द्या. तेव्हा होम रंगात आलेला असेल, त्यांना तेच बघायला आवडतं. प्रवेशाला घरचीच माणसं लागतात.

बाहेर गुरुजी उंबरठ्याची आणि दाराची पूजा सांगतील. हळदकुंकू, अक्षता, फुलं, दोन्ही बाजूंना दिवा. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ह्यांच्या हातात देवांचं ताम्हन, तुमच्या हातात कलश. कलशात पाणी, सुपारी, नाणं, वर आंब्याची पाच पानं आणि नारळ. कलश काठोकाठ भरू नका, बोटभर कमी ठेवा, उंबरठा ओलांडताना हिंदकळतो. उजवं पाऊल आधी. देव आणि कलश आत जाऊन ठरलेल्या जागी टेकले, की ज्याचा मुहूर्त होता ते झालं. इथे घड्याळात सव्वासात-साडेसात वाजलेले असतील आणि सासूबाईंना निश्चिंत होऊ द्या.

मग स्वयंपाकघरात दूध. मोठ्या पातेल्यात लिटरभर दूध ठेवून सगळे वीस मिनिटं उभे राहतात, तसं करू नका. लहान पातेलं, दोन तृतीयांश भरेल एवढं, साधारण पाव लिटर दूध, फ्रिजमधलं गार नको. पाच-सात मिनिटांत उतू जातं. उतू गेलं की ज्योत विझते पण गॅस चालू राहतो, म्हणून एकाने बटणावर हात ठेवूनच उभं राहायचं.

पावणेआठला पाटावर बसलात तर गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध यात सव्वा-दीड तास जातो. मग वास्तुमंडल मांडतात. तांदळावर ८१ चौकोनांचा पट, मध्ये ब्रह्मा, भोवती बाकीच्या देवता मिळून एकूण ४५. नंतर नवग्रह, होम, बली, पूर्णाहुती. घराला त्रिसूत्रीचा दोरा गुंडाळून दूधपाण्याची धार धरतात आणि शेवटी वास्तूची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात ठेवतात. फरशी आधीच बसलेली असेल तर ती प्रतिमा पुरायला खड्डा कुठून आणणार, हा प्रश्न त्या क्षणी निघतो आणि गवंड्याला फोन होतात. गुरुजींना आजच विचारून घ्या की फरशी काढायची की छोट्या डबीत घालून आग्नेयेला न हलणाऱ्या जागी ठेवायची. दोन्ही चालवणारे गुरुजी आहेत. साडेबारा-एकपर्यंत पानं वाढता येतील. एकादशी आदल्या दिवशीच झालेली असल्याने जेवणावळीला उपासाचा अडथळा नाही.

उशीर झालाच तर? इथे लोक उगाच घाबरतात, कारण त्यांना वाटतं की ८:३८ नंतर अशुभ वेळ सुरू होते. तसं नाहीये. ८:३८ ला काय संपतं, हा प्रश्न विचारा. तुमच्या बाबतीत फक्त वृषभ लग्न संपतंय. वार, तिथी, नक्षत्र, चंद्रबळ सगळं रात्रीपर्यंत जागेवर आहे. पुढचं मिथुन लग्न द्विस्वभाव आहे, मधल्या प्रतीचं, त्याज्य नव्हे. म्हणजे नऊ वाजले तर गुरुजी मिथुनात प्रवेश करवू शकतात, किंवा थांबून अभिजित धरू शकतात. मामांची सूचना पहिली वेळ म्हणून मागे पडली तरी राखीव वेळ म्हणून ती चांगली आहे. फक्त तो निर्णय त्या गडबडीत तुम्ही घरच्यांनी करू नका. आजच्याच फोनवर विचारा, 'साडेआठच्या आत जमलं नाही तर दुसरी वेळ कोणती?' आणि ती त्याच कागदावर खाली लिहून ठेवा.

प्रत्येक मुहूर्ताचा शेवट इतका मऊ नसतो, हेही लक्षात ठेवा. वेळ संपताना भद्रा लागत असेल, रिक्ता तिथी सुरू होत असेल किंवा नक्षत्र बदलत असेल, तर ती सीमा कडक असते. तिथे पाच मिनिटंही ओढू नयेत. म्हणून 'कधी संपतो' यापेक्षा 'कशामुळे संपतो' हे माहीत असणं जास्त उपयोगाचं.

सासूबाईंच्या मनातून धसका जावा म्हणून आणखी एक सांगते. हे नियम सगळ्या घरांना सारख्या कडकपणे लावत नाहीत. तुमचा प्रवेश नव्या घरातला, त्याला अपूर्व म्हणतात, म्हणून गुरू-शुक्राचा अस्त, अधिक मास, चातुर्मास हे सगळं बघितलं जातं. जुनं घर दुरुस्त करून, किंवा आगीसारखं संकट येऊन परत बांधून त्यात जायचं असेल तर श्रावण, कार्तिक, मार्गशीर्षही चालतात आणि अस्ताचा विचार आवश्यक नाही असं मुहूर्तशास्त्रच सांगतं. माणसाची निकड पाहून सैल होण्याची सोय शास्त्रातच आहे.

आता नणंदेचं. तिला पुण्याची वेळ देऊ नका. तिथी आणि नक्षत्र संपण्याचा क्षण सगळ्या जगात एकच असतो, फक्त घड्याळं वेगळी. सूर्योदय आणि लग्न मात्र जागेप्रमाणे बदलतात. मेमध्ये न्यू जर्सीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तुमचं उत्तरा नक्षत्र आपल्याकडे गुरुवारी रात्री ८:०४ ला संपतं, तेव्हा तिच्याकडे गुरुवारच्याच सकाळचे १०:३४ झालेले असतील. म्हणजे अ‍ॅपवर पुण्याचं शहर ठेवून 'रात्री ८:०४ पर्यंत' वाचून ती दुपारी प्रवेश करेल, तर नक्षत्र केव्हाच गेलेलं असेल. लग्नाचंही तसंच. ती बरीच उत्तरेला आहे, तिथे वृषभ लग्न या दिवसांत लवकर उगवतं आणि लवकर आटोपतं, साधारण सव्वासहाच्या पुढे सुरू होऊन आठच्या सुमारास संपतं. तिने तुमचे ६:५२ ते ८:३८ हेच आकडे तिच्या भिंतीवरच्या घड्याळात वाचले, तर शेवटचा अर्धा तास मिथुनात जाईल. तिला तिच्या गावाचं नाव, तिची आणि नवऱ्याची रास गुरुजींना कळवायला सांगा आणि वेळ लिहून घेताना 'न्यू जर्सीची स्थानिक वेळ' असे शब्द त्यात असू द्या. साडेसहा ते पावणेआठच्या मध्ये तिला बहुधा चांगली वेळ मिळेल. तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार-सव्वापाच असतील, तुमची जेवणं उरकलेली असतील, आणि सासूबाईंना लेकीचा गृहप्रवेश व्हिडिओ कॉलवर निवांत बघता येईल.